चढावर व्हॅक्यूम, उतारावर रिझर्व्ह: चोर्ला घाटात बंद पडणाऱ्या एका गाडीचं प्रकरण

"ओ मामा, गाडी घाटात बंद पडालीय. गावात काय सुदीक होत न्हाई." तक्रार एवढीच. गिऱ्हाईक बेळगावजवळच्या खेड्यातला सुतार. गोव्यात फर्निचरची कामं घेतो. सोमवारी पहाटे पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, आठवडाभर साखळी गावाच्या बाजूला काम करायचं आणि शनिवारी परत यायचं. मागच्या सीटवर हत्यारांची जड पेटी बांधलेली. गाडी दीडशे सीसीची, कार्बोरेटरची, बीएस-6 च्या आधीची. 1 एप्रिल 2020 नंतर कार्बोरेटरच्या नव्या मोटरसायकली जवळपास बंदच झाल्या. त्यामुळे टाकीखालच्या ज्या व्हॅक्यूमच्या पेट्रोल कॉकबद्दल मी लिहितोय, तो आज रस्त्यावर असलेल्या अशा प्रत्येक गाडीत बरीच वर्षं पेट्रोलमध्ये भिजलेला आहे.

आमच्याकडे येण्याआधी गाडी दोन-तीन ठिकाणी फिरून आली होती. प्लग नवा, एचटी कॉइल नवी, कार्बोरेटर दोनदा साफ केलेला, पेट्रोलचा फिल्टर बदललेला. गिऱ्हाईकाचं म्हणणं असं, की प्रत्येक कामानंतर गाडी बरी झाली आणि पुढच्या शनिवारी घाटात पुन्हा मेली. शिवाय कुणीतरी सल्ला दिलेला, "कॉक कायमचा रिझर्व्हवर ठेव, मग बंद पडणार न्हाई." तेव्हापासून नॉब रिझर्व्हवरच. तो इतका घट्ट झाला होता, की पक्कड लावल्याशिवाय फिरत नव्हता.

मी त्याला पहिल्यांदा विचारलं ते हे, की गाडी चढताना मरते का उतरताना. तो म्हणाला, "दोन्हीकडं." बहुतेक मेकॅनिक इथेच फसतात. घाटात बंद पडते म्हणजे एकच आजार, असं धरून चालतात. चढताना आणि उतरताना टाकीतलं पेट्रोल उलट्या दिशांना सरकतं. इंजिनाच्या तोंडाशी असलेला व्हॅक्यूमही दोन्ही वेळी उलट असतो. मग एकच दोष दोन्हीकडे गाडी कशी मारेल? मारूही शकेल, पण त्याआधी दोन वेगळे दोष असावेत असा संशय घ्यायला हवा.

त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. गोव्यात पेट्रोल कर्नाटकापेक्षा लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त आहे, हे आपल्याकडच्या प्रत्येक गाडीवाल्याला पाठ असतं. हा गडीही जाताना टाकी जवळजवळ रिकामी करत जायचा आणि साखळीला पोचल्यावर भरायचा. काम संपून परत निघतानाही तिथेच पुन्हा फुल करायचा. म्हणजे उतरताना टाकी तळाला आणि चढताना काठोकाठ. त्याच्या या सवयीनेच आमचं अर्धं काम केलं. भरलेल्या टाकीने चढताना गाडी मरत असेल, तर पेट्रोल कमी आहे हे कारण तिथेच बाद होतं.

आता कॉक कसा चालतो ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साध्या पेट्रोल कॉकला नॉब फिरवला की भोक उघडतं आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कॉकमध्ये, ज्याला गॅरेजात ऑटो कॉक म्हणतात, नॉबच्या मागे एक रबरी पडदा असतो आणि त्याला जोडलेली छोटी व्हॉल्व्ह. स्प्रिंग त्या व्हॉल्व्हला सतत बंद धरते. पडद्याच्या एका बाजूकडून एक बारीक पाईप कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या मॅनिफोल्डला जातो. इंजिन फिरायला लागलं की मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते, ती पडद्याला मागे खेचते, व्हॉल्व्ह उघडते, पेट्रोल वाहतं. इंजिन बंद झालं की स्प्रिंग पुन्हा दार लावते. रात्री गाडी उभी असताना कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊन टाकी रिकामी होऊ नये, ही त्यामागची सोय. बऱ्याच अशा कॉकना 'ऑफ' नसतोच. ऑन, रिझर्व्ह आणि पीआरआय अशा तीन खुणा असतात. पीआरआय म्हणजे प्राइम. तिथे नॉब नेला की पडद्याला वगळून पेट्रोल सरळ वाहतं, इंजिन चालू असो वा बंद. गाडी बरेच दिवस उभी राहून कार्बोरेटर कोरडा पडला तर भरून घेण्यासाठी ती जागा आहे.

मॅनिफोल्डमधली ही ओढ सगळ्यात जास्त केव्हा असते? गाडी आयडलवर असताना किंवा गिअरमध्ये उतार उतरत असताना, म्हणजे थ्रॉटल बंद असताना. पिस्टन हवा ओढतोय आणि दार मिटलेलं, म्हणून. थ्रॉटल पूर्ण उघडला की हवा मोकळी आत येते आणि ओढ जवळजवळ संपते. चढावर, मागे पेटी, तिसरा गिअर, मूठ शेवटपर्यंत पिळलेली. इंजिनाला पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच कॉक उघडा धरणारी ताकद सगळ्यात कमी. धडधाकट पडद्याला एवढीशी ओढही पुरते, कारण सिंगल सिलिंडरमध्ये प्रत्येक सक्शन स्ट्रोकला एक झटका मिळतोच आणि पडद्याकडची बाजू हवाबंद असेल तर तो झटका टिकून राहतो. पण पाईपला चीर असेल किंवा पडदा कडक झाला असेल, तर ही शिल्लक ओढ गळून जाते. चिरलेल्या स्ट्रॉने शहाळं पिताना होतं तेच. जोरात ओढलं तर थोडं पाणी येतं, हळू ओढलं तर नुसती हवा.

मग गाडी चढ लागल्या लागल्या का मरत नाही? कारण कार्बोरेटरच्या खालच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडा साठा असतो. या गाडीचा चेंबर आम्ही मोजला, सुमारे 40 मिली. भरलेल्या गाडीने ताशी 30 किलोमीटरने घाट चढताना लिटरला 25 किलोमीटरच पडतात असं धरा. म्हणजे तासाला 1.2 लिटर, मिनिटाला 20 मिली. चेंबरमधलं शेवटचं थेंबन् थेंब जेटला मिळत नाही, निम्मं-अधिक गेलं की मिश्रण पातळ होऊन गाडी आचके द्यायला लागते. कॉक पूर्ण मिटला तर दीड मिनिटाच्या आत, म्हणजे अर्धा-पाऊण किलोमीटरमध्ये. अर्धवट उघडा राहिला तर आणखी थोडं पुढे. गिऱ्हाईक म्हणत होता, केरी सोडून घाट लागला की पहिली काही वळणं गाडी नीट चढते आणि मग एकदम जीव सोडते. हिशोब जुळत होता.

आधीच्या कामांनी गाडी बरी झाल्यासारखी का वाटली, त्याचं उत्तरही इथेच आहे. या दोषात थांबणं हेच औषध असतं. गाडी आचके द्यायला लागली की माणूस मूठ सोडतो, बाजूला घेतो, सेल्फ मारतो. थ्रॉटल बंद असतो, ओढ परत येते, पडदा उघडतो आणि मिनिटभरात चेंबर भरतो. मधल्या वेळात कुणी प्लग काढून पुसला तर यश प्लगला. टाकीचं झाकण उघडलं तर झाकणाला. नॉब फिरवला तर नॉबला. आणि गॅरेजची टेस्ट राइड असते कुठे? कॅम्प किंवा टिळकवाडीच्या सपाट रस्त्यावर, दर दोनशे मीटरला मूठ सोडायला लावणाऱ्या ट्रॅफिकमध्ये. तिथे हा आजार दिसणारच नाही.

म्हणून चाचणी अशी हवी, की जिच्यात थांबणं नाही. आम्ही गाडी येळ्ळूरच्या बाजूने राजहंसगडाच्या चढावर नेली. टाकी भरलेली, मागे पेटीऐवजी माझा पोरगा बसलेला. नॉब ऑनवर घेऊन मूठ शेवटपर्यंत उघडी ठेवून चढवली. वर पोचायच्या आधी, चढ ऐन खडा झाल्यावर, आचके सुरू झाले. मी मूठ न सोडता तशीच धरली, इंजिन मरू दिलं आणि मरताक्षणी क्लच दाबून इग्निशन बंद केलं. हे महत्त्वाचं आहे. एक-दोन सेकंद जरी बंद थ्रॉटलवर फिरू दिलं, तरी कॉक उघडून पुरावा भरून टाकतो.

सायलेन्सरपासून लांब, पाईप लावून बाटलीत चेंबरचा ड्रेन स्क्रू सोडला. तळाला बोटभरही पेट्रोल आलं नाही. इथे अर्धं निदान झालं. कॉइल किंवा प्लगचा दोष असता तर चेंबर भरलेला सापडला असता. म्हणजे गाडी खरोखर उपाशी मरत होती. (ज्याला गाडी बंद पडल्यावर एकच गोष्ट बघायची असेल, त्याने ही बघावी. पण गरम सायलेन्सरजवळ पेट्रोल सांडवायचं नाही आणि शेजारी कुणी बिडी ओढत उभा नाही ना, ते आधी बघायचं.)

मग पुन्हा पायथ्याला आलो. नॉब खालीच पीआरआयवर केला आणि त्याच मुठीने, त्याच गिअरमध्ये तोच चढ चढवला. गाडी न चाचरता वर गेली. पुन्हा खाली, पुन्हा ऑन, पुन्हा तिथेच मेली.

पीआरआयवर गाडी चालली म्हणजे पडदा गेला, असं इथे लगेच म्हणता येत नाही. त्यात एक खाच आहे. बऱ्याच कॉकमध्ये पीआरआय टाकीच्या तळातून, रिझर्व्हच्याच भोकातून पेट्रोल घेतो. म्हणजे टाकी अर्ध्याखाली असताना पीआरआयवर गाडी सुधारली, तर ती व्हॅक्यूम वगळल्यामुळे सुधारली की तळातून पेट्रोल मिळाल्यामुळे, हे कळत नाही. दोन गोष्टी एकदम बदललेल्या असतात. म्हणून टाकी भरलेली हवी. भरलेल्या टाकीत ऑनचं उभं नळकांडंही बुडालेलं असतं, पातळीचा प्रश्न उरत नाही. आणि टाकी भरलेली नसेल तर आधी रिझर्व्ह करून बघायचं. रिझर्व्हवर सुधारली तर पेट्रोल कमी होतं. रिझर्व्हवर मेली आणि पीआरआयवर चालली तर दोष व्हॅक्यूमचा. पीआरआयवरही मेली तर कॉक सोडून इतर काही बघायचं. झाकणाचं हवेचं भोक, टाकीतली जाळी, पुढचा फिल्टर, फ्लोटची सुई.

झाकणाचं भोक बुजलं तरी अगदी असंच होतं. पेट्रोल खाली जातं, हवा आत येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि प्रवाह थांबतो. फरक एवढाच, की त्याला चढ लागत नाही. सपाटीवरही गाडी मरते. मरताक्षणी झाकण उघडलं तर हवा आत शिरल्याचा 'सूं' आवाज येतो. आणि पीआरआयवरही ती मरतेच. आमच्या गाडीत आवाज नव्हता, पीआरआयवर मरत नव्हती, सपाटीवर कधीच मेली नव्हती. झाकण तीन पुराव्यांनी सुटलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात, उघड्यावर, थंड इंजिनवर कॉकची परीक्षा घेतली. त्याला लागतं काय, तर मेडिकलमधून आणलेली 50 मिलीची सिरिंज आणि बारीक पाईपचा तुकडा. तोंडाने ओढणारे आहेत, पण पडदा फाटका असेल तर पहिला घोट पेट्रोलचा मिळतो. मॅनिफोल्डकडचं पाईपचं टोक काढलं, त्यात सिरिंज घातली, कार्बोरेटरकडचा पेट्रोल पाईप बाटलीत सोडला आणि नॉब ऑनवर ठेवून दांडा ओढला. पेट्रोल सुरू झालं, पण दांडा बराच मागे नेल्यावर. दांडा तिथेच धरून ठेवला तर धार हळूहळू बारीक होत बंद पडली. चांगल्या कॉकमध्ये दांडा धरून ठेवलाय तोवर धार एकसारखी राहायला हवी. म्हणजे ओढ कुठून तरी गळत होती.

कुठून, हे शोधायला पाईप बाजूला काढला आणि सिरिंज थेट कॉकच्या नळीला लावली. आता धार पहिल्यापेक्षा बरीच जास्त टिकली, पण शेवटी ओसरलीच. पाईप उजेडात वाकवून बघितला. मॅनिफोल्डच्या टोकाला, जिथे रबर गरम इंजिनाजवळ बसतं, तिथे नखाएवढी उभी चीर होती. पाईप सरळ असताना ती मिटलेली दिसायची, नळीवर चढवला की उघडायची. शिवाय हा मूळचा जाड भिंतीचा व्हॅक्यूम पाईप नव्हता. कुणीतरी साधा मऊ पेट्रोल पाईप कापून बसवलेला. तो गरम झाल्यावर आत चेपतो.

पाईप आतून कोरडा होता, ही चांगली खूण. तो ओला असता, तर पडद्याला भोक पडून पेट्रोल त्यातून सरळ मॅनिफोल्डमध्ये जात असल्याचा पुरावा मिळाला असता. तशा गाडीचा आजार वेगळा दिसतो. काळा धूर, काळा प्लग, अॅव्हरेज कोसळलेलं, सकाळी स्टार्ट व्हायला त्रास.

पाईप नवा, जाड भिंतीचा घातला. राजहंसगडावर गाडी पहिल्यापेक्षा बरीच पुढे गेली, पण पूर्ण चढ मूठ उघडी ठेवून चढवल्यावर शेवटी एकदा चाचरलीच. काही मेकॅनिक इथे "बरीच सुधारली" म्हणून गाडी देतात. राजहंसगडाचा चढ चोर्ल्याच्या मानाने फारच आखूड, तिथे जी एकदा चाचरते ती केरीच्या वर नक्की मरणार. म्हणून कॉक उघडला.

पडदा फाटलेला नव्हता. कडक झाला होता. हातात घेतल्यावर तो कापडासारखा लोंबायला हवा, हा दुमडला तर घडी तशीच राहायची. कडेला, जिथे दोन झाकणांमध्ये दाबला जातो, तिथे रबरावर पांढुरकी रेघ आणि त्यातून सूक्ष्म गळती. जुनं रबर आणि आताचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल यांचं फारसं जमत नाही, हे आम्ही रोज बघतो. पण एकट्या इथेनॉलवर खापर फोडणार नाही. पेट्रोलमध्ये इतकी वर्षं काढलेलं रबर कधीतरी ताठ होणारच. व्हॉल्व्हच्या टोकाची ओ-रिंगही चपटी झाली होती. पडदा, स्प्रिंग, ओ-रिंग आणि नॉबमागचं चार भोकांचं रबर असा पूर्ण किट बदलला. जुनी स्प्रिंग कापून सैल करण्याची युक्ती काही जण करतात, म्हणजे कमी ओढीत कॉक उघडतो. मला ती पटत नाही. स्प्रिंग सैल झाली की इंजिन बंद असताना व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, आणि ज्या कामासाठी हा कॉक बनवला तेच होत नाही.

बसवताना एका गोष्टीकडे लक्ष दिलं. पडद्याच्या पत्र्यावरचं बारीक भोक कॉकच्या बॉडीतल्या भोकाशी जुळायला हवं. उलटा बसला तर नवा किट घालूनही गाडी तशीच राहते आणि मग दोष किटला दिला जातो. सिरिंज लावून बघितलं. आता दांडा थोडासाच ओढला की पूर्ण धार, आणि धरून ठेवला तर ती एकसारखी वाहत राहिली. त्यानंतर राजहंसगड मूठ उघडी ठेवून, ऑनवर, न चाचरता.

गिऱ्हाईक मधेच म्हणाला होता, "मामा, पीआरआयवर चालतीय न्हवं? तिथंच ठेवून दिली तर?" खर्च वाचवायचा म्हणून बरेच जण हे करतात, आणि चालतंही. फक्त फ्लोटची सुई त्या दिवशी नीट बसली पाहिजे. ती कचऱ्याने अडकली आणि गाडी रात्रभर पीआरआयवर उभी असली, तर सगळी टाकी कार्बोरेटरमधून वाहते. नशीब असेल तर जमिनीवर. नसेल तर इनटेकमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये. डिपस्टिक काढून वास घ्यायचा. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर ते ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरूसुद्धा करायची नाही. कॉक बदलून साधा हातचा बसवणं हा मात्र रास्त मार्ग आहे. अट एवढीच, की मॅनिफोल्डच्या नळीला घट्ट टोपी लावायची. ती उघडी राहिली तर तिथून हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि माणूस एका आजारातून उठून दुसऱ्यात पडतो.

चढाचं प्रकरण इथे संपलं. उताराचं राहिलं होतं.

उतरताना थ्रॉटल बंद असतो, म्हणजे व्हॅक्यूम सगळ्यात जास्त. खराब पडदासुद्धा तेव्हा उघडतो. त्यामुळे कणकुंबीच्या पुढे घाट उतरताना गाडी मरत असेल तर पडद्याला आरोपी करताच येत नाही. तिथे प्रश्न टाकीतल्या पातळीचा. या गाडीचा कॉक टाकीच्या तळाला, मागच्या टोकाला, डाव्या अंगाला आहे. बऱ्याच गाड्यांचा तसाच असतो. चढताना पेट्रोल मागे सरकतं, म्हणजे कॉककडे येतं, आणि पातळी कमी असली तरी गाडी चालते. उतरताना ते पुढे पळतं, कॉक उघडा पडतो. कॉक पुढे असलेल्या गाडीत याच्या उलट. म्हणून कोणता उतार किंवा चढ संशयित, हे आपल्या गाडीचा कॉक टाकीखाली कुठे आहे ते बघून ठरवायचं.

नॉब कायम रिझर्व्हवर असल्यामुळे याला इशारा मिळतच नव्हता. ऑनचं नळकांडं टाकीत उंच उभं असतं, पातळी त्याच्याखाली गेली की गाडी एकदा चाचरते आणि मग तुम्ही रिझर्व्ह करता. रिझर्व्हवरून रिझर्व्हला कुठे जाणार? त्यात रिझर्व्ह म्हणजे कोपऱ्यात ठेवलेलं वेगळं पेट्रोल, असा समज अजून आहे. ते त्याच टाकीतलं, तळाचं पेट्रोल असतं.

तळात नेमकं किती आहे ते आम्ही मोजलं. गाडी मेन स्टँडवर सपाट, सिरिंजने कॉक उघडा धरला, ऑनवर पेट्रोल वाहू दिलं. ते आपोआप थांबलं. नॉब रिझर्व्हवर केला आणि पुढचं मापात घेतलं. सुमारे 1.3 लिटर निघालं आणि थांबलं. मग टाकी उतरवून तिरकी केली तर आणखी साधारण 400 मिली आलं. हे कुठे होतं? टाकी फ्रेमच्या दांड्यावर खोगिरासारखी बसते. पातळी खाली गेली की पेट्रोल दांड्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळं साठतं, आणि कॉक डावीकडे असल्याने उजवीकडचं अडकून राहतं. अशा वेळी गाडी डाव्या अंगाला चांगली कलती केली तर ते पलीकडे जातं आणि जवळच्या पंपापर्यंत पोचवतं. ही युक्ती जुनी आणि खरी.

मग उतार तयार केला. दहा टक्क्यांच्या उताराला या गाडीच्या दोन चाकांमध्ये साधारण 13 सेंटिमीटरचा फरक पडतो. गाडी दोन्ही चाकांवर उभी करून मागच्या चाकाखाली तेवढे लाकडी ठोकळे घातले, टाकीत मोजून पेट्रोल घातलं आणि रिझर्व्हवर वाहू दिलं. टाकीत सुमारे 700 मिली शिल्लक असतानाच धार थांबली. वर ब्रेकचा हिशोब वेगळा. उतारावर बऱ्यापैकी ब्रेक दाबला की पेट्रोल आणखी पुढे झेपावतं. गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या भागाएवढा ब्रेक म्हणजे पेट्रोलच्या दृष्टीने जणू वीस टक्क्यांचा उतार आणखी जोडला. चोर्ल्याच्या वळणांवर ब्रेक दाबतच उतरावं लागतं. बंद थ्रॉटलवर इंजिन पेट्रोल फार कमी घेतं, म्हणून चेंबरचा साठा बराच वेळ पुरतो आणि गाडी उताराच्या सुरुवातीला मरत नाही. खालच्या बाजूला, अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागल्यावर, वळणातून निघून मूठ उघडली की जीव सोडते. त्याचं वर्णन नेमकं तेच होतं.

तिथे दुरुस्तीचं काम थोडंच होतं. रिझर्व्हच्या भोकाची जाळी काढली. तिच्यावर गंजाचा चिखल आणि तळाला पाण्याचे थेंब. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात झाकणाच्या रबरातून पाणी आत येतंच, आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते थेट रिझर्व्हच्या तोंडाशी बसतं. टाकी धुतली, झाकणाचं रबर बदललं. चार भोकांचं रबर नवं घातल्याने नॉब दोन बोटांनी फिरायला लागला. तो कायम रिझर्व्हवर राहण्याचं खरं कारण सल्ल्याइतकंच ते सुकलेलं रबर होतं. जो नॉब पक्कडीने फिरतो तो चालत्या गाडीवर कोण फिरवणार?

नॉब आता ऑनवर असतो. कणकुंबीच्या आधी गाडी चाचरली तर रिझर्व्ह करायचं आणि तसं घाटात उतरायचं नाही. आधी निदान दोन लिटर घालून मग उतरायचं, पेट्रोल महाग पडलं तरी. सपाटीवर 1.3 लिटरमध्ये पन्नास किलोमीटर जाता येईल, पण उतारावर त्यातलं सुमारे 300 मिली, आणि ब्रेक दाबला की त्याहूनही जास्त, कॉकपर्यंत पोचतच नाही. गिऱ्हाईकाला हा हिशोब ठोकळ्यांवर उभ्या गाडीसमोर दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे गोव्याचं स्वस्त पेट्रोल हितं महाग पडालतं की ओ."